कॉम्प्रेसरसाठी साडेनऊ लाख: परत आलेल्या आणि मग मंजूर झालेल्या एका मागणीचं प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचा कारखाना आहे. व्हॉल्व्हचे सुटे भाग मशीनिंग करून देतो. हवेवर आमचं बरंच काही चालतं: सीएनसीवरचे क्लॅम्प, जॉब पुसायच्या एअर गन आणि एक ग्रिट ब्लास्टिंगची केबिन. ही सगळी हवा एकाच स्क्रू कॉम्प्रेसरमधून येते. मशीन ३७ किलोवॅटचं, ठरावीक वेगाने फिरणारं, ७ बार दाबाला मिनिटाला २२० घनफूट, म्हणजे २२० सीएफएम हवा देणारं. त्याचे ३८,००० तास झाले होते आणि सर्व्हिसवाल्याने लेखी कळवलं होतं की एअरएंडची, म्हणजे रोटर फिरून हवा दाबली जाते त्या भागाची, बेअरिंग आता बदलायला हवीत. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या पुढे गेला की हे मशीन तापून ट्रिप व्हायचं, शॉप थांबायचं आणि मेंटेनन्सचे लोक पंखे लावून त्याला थंड करत बसायचे.

मेंटेनन्सच्या इंजिनिअरने नवीन कॉम्प्रेसरची मागणी लिहिली. माझ्याकडे कॉस्टिंग आहे, त्यामुळे भांडवली खरेदीचे कागद माझ्या टेबलावरून जातात. ही मागणी एकदा परत आली आणि दुसऱ्यांदा मंजूर झाली. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले आहेत. मशीनची गरज दोन्ही वेळा खरीच होती. तरीही पहिला कागद का टिकला नाही आणि दुसरा का टिकला, हे आकड्यांसकट मांडावंसं वाटतं, कारण हीच चूक मी इतर विभागांच्या मागण्यांतही पाहतो.

पहिल्या मागणीत तिने ३७ किलोवॅटचाच, पण व्हीएफडी असलेला कॉम्प्रेसर मागितला होता. व्हीएफडी म्हणजे हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. किंमत १०.८ लाख. विक्रेत्याच्या पत्रकात '३५ टक्क्यांपर्यंत वीजबचत' असं छापलेलं होतं, ते तिने जसंच्या तसं घेतलं. वर्षाला १,४३,००० युनिट, युनिटला ९ रुपये, त्याचे ३५ टक्के म्हणजे साडेचार लाखांची बचत, आणि २.४ वर्षांत पैसे वसूल. खाली आणखी एक ओळ होती: मशीन बंद पडल्याने वर्षाला सहा लाखांचं उत्पादन बुडतं.

आमच्याकडे नियम आहे की वसुली तीन वर्षांच्या आत असेल तरच मागणी पुढे जाते. या हिशेबाने ती आरामात बसत होती. प्लांट हेडनी मात्र कागद वाचला आणि तिला बोलावलं. ते दांडिया बाजारातले, तिच्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "अगं, हे पस्तीस टक्के कुणी मोजले?"

"सर, कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आहेत."

"त्यांनी आपलं शॉप पाहिलंय का? आपलं मशीन दिवसभरात किती वेळ रिकामं फिरतं, ते सांग. मग बचतीचं बोलू."

हा प्रश्न अगदी नेमका होता. ठरावीक वेगाच्या स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये टाकीतला दाब भरला की आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह बंद होतो, पण मोटर फिरतच राहते. याला अनलोड म्हणतात. या काळात हवा शून्य मिळते, तरी मशीन पूर्ण भाराच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वीज खातं. व्हीएफडीची बचत मुख्यतः इथूनच येते. मशीन जर जवळजवळ सतत भारावर चालत असेल, तर व्हीएफडी काही वाचवत नाही. उलट ड्राइव्हमध्ये दोन-तीन टक्के वीज जाते. म्हणजे एकच यंत्र एका कारखान्यात पस्तीस टक्के वाचवेल आणि शेजारच्या कारखान्यात तोट्यात जाईल. कॅटलॉगमधला आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या शॉपचा नसतो.

मग तिने भाड्याने पॉवर अ‍ॅनलायझर आणला आणि आठवडाभर कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर लावून ठेवला. दर दहा सेकंदाला एक नोंद. त्यातून चित्र स्वच्छ दिसलं. भारावर असताना मशीन ४१ किलोवॅट घेत होतं आणि अनलोडवर १३. एकूण वेळेपैकी ६० टक्के भारावर, ४० टक्के रिकामं. दोन पाळ्यांत दिवसाचे १६ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४,८०० तास होतात. त्यातले २,८८० तास ४१ किलोवॅटने आणि १,९२० तास १३ किलोवॅटने, म्हणजे वर्षाला १,४३,०४० युनिट. हवेची सरासरी मागणी २२० च्या ६० टक्के, म्हणजे १३२ सीएफएम. सगळ्यात जास्त ओढ सकाळी ब्लास्टिंगची केबिन चालू असताना होती. त्या दहा-पंधरा मिनिटांत मशीन ७८ टक्के वेळ भारावर राहायचं, म्हणजे १७० च्या आसपास सीएफएम.

इथे मी तिला सुचवलं की गळती मोजल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. संकुचित हवेची गळती कुणाला दिसत नाही, आणि शॉप चालू असताना तिचा फुसफुस आवाजही ऐकू येत नाही. मोजायची पद्धत सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारं सगळं बंद ठेवायचं, लाइन मात्र नेहमीसारखी उघडी ठेवायची, आणि कॉम्प्रेसर चालू करायचा. कुणीच हवा वापरत नसताना मशीन जितका वेळ भारावर जातं, तितकी ती गळती भरून काढत असतं. भाराचा वेळ भागिले भाराचा आणि अनलोडचा मिळून वेळ, एवढंच गणित. बरीच आवर्तनं घेऊन सरासरी काढायची. तिची सरासरी आली ४० सेकंद भारावर, १६० सेकंद रिकामं. म्हणजे २० टक्के, ४४ सीएफएम. आपण जी १३२ सीएफएम हवा वापरतो म्हणत होतो, तिचा तिसरा हिस्सा झिजलेल्या क्विक कपलिंगमधून, हवा गाळून दाब नेमणाऱ्या एफआरएलच्या वाट्यांतून आणि चिरलेल्या पीयू नळ्यांतून वाया जात होता.

ही गोष्ट कळल्यावर सगळ्या मागणीचा पायाच हलतो. गळती बंद करायला नवीन कॉम्प्रेसर लागत नाही. कपलिंग, नळ्या, सील आणि दोन दिवसांची मजुरी धरून ३५,००० रुपयांत निम्मी गळती थांबेल, असा तिचा अंदाज होता. निम्मी थांबली की सरासरी मागणी ११० सीएफएमवर येते आणि जुनं मशीन निम्माच वेळ भारावर राहतं. २,४०० तास ४१ ने, २,४०० तास १३ ने, एकूण १,२९,६०० युनिट. म्हणजे नवीन मशीन न घेताही १३,४४० युनिट वाचतात.

हे १३,४४० युनिट कुणाच्या खात्यात लिहायचे, इथे बहुतेक मागण्या घसरतात. कॉम्प्रेसर बदलताना गळतीही दुरुस्त करायची आणि दोन्हींची मिळून बचत नवीन मशीनच्या नावावर दाखवायची, हे फार सोपं असतं आणि लिहिणाऱ्याच्या मनात काही वाकडंही नसतं. पण मंजुरी देणाऱ्याला ठरवायचं असतं की हे साडेनऊ-दहा लाख खर्च केल्याने जास्तीचं काय मिळतं. जे पस्तीस हजारांत मिळतं, ते दहा लाखांचं फळ म्हणून दाखवता येत नाही. म्हणून तुलनेचा पाया आजचं बिल हा नसून, गळती काढल्यानंतरचं बिल हा असायला हवा. तिने हे लगेच मान्य केलं, आणि मला त्याचं फार बरं वाटलं, कारण या एका बदलाने तिच्याच मागणीची बचत कमी होत होती.

विजेचा दरही बदलला. पहिल्या कागदातले ९ रुपये हे एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आले होते. आमचं बिल मध्य गुजरात वीज कंपनीचं, हाय टेन्शनचं. त्यात मागणी आकार असतो, जो किती युनिट जाळले यावर नव्हे तर किती केव्हीए मागणी नोंदवली यावर लागतो. कॉम्प्रेसरचे युनिट कमी झाले म्हणून तो आकार आपोआप त्याच प्रमाणात उतरत नाही. वाचलेल्या युनिटवर खरोखर वाचतं ते ऊर्जा शुल्क, इंधन अधिभार आणि त्यावरचं वीज शुल्क. ते धरून मी ८ रुपये काढले. युनिटला एक रुपया म्हणजे किरकोळ वाटतो, पण तेवढ्याने बचतीचा नववा हिस्सा उडतो.

उत्पादन बुडाल्याचे सहा लाख तर पूर्णच गेले. ते तिने थांबलेले तास गुणिले तासाची विक्री असे काढले होते. प्रत्यक्षात त्या महिन्यांत एकही माल उशिरा गेला नव्हता. थांबलेलं काम रविवारी ओव्हरटाइम देऊन भरून काढलं होतं. म्हणजे नुकसान विक्रीचं नसून ओव्हरटाइमचं होतं, ३८,००० रुपये. आणि तेसुद्धा तुलनेत धरता येत नाही, कारण जुन्या मशीनचं ओव्हरहॉल केलं, कूलर साफ करून घेतला, तरी ट्रिप होणं थांबेलच. जो फायदा सगळ्याच पर्यायांत मिळतो, तो एका पर्यायाच्या बाजूने मोजता येत नाही. तिने ही माहिती कागदावर ठेवली, पण 'काहीतरी करणं का टाळता येत नाही' या भागात. बचतीच्या बेरजेतून ती काढून टाकली.

गळती गेल्यावर कमाल मागणी १५० सीएफएमच्या आसपास उतरणार होती. म्हणजे ३७ किलोवॅटची गरजच उरत नव्हती. ३० किलोवॅटचं, १८० सीएफएमचं मशीन पुरेसं होतं. विक्रेत्यांकडून दरपत्रकं नव्याने मागवली, आणि ती एका मापात आणण्यात तिचे बरेच दिवस गेले.

या कामाची कुणी फारशी दखल घेत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते की तीन दरपत्रकांत काय काय वेगळं होतं. एकाने हवा ७ बारला दिली होती, दुसऱ्याने ८ बारला. दाब वाढला की त्याच मशीनची हवा कमी होते, त्यामुळे कागदावर दुसरं मशीन लहान वाटत होतं. एकाने वीज मोटरच्या शाफ्टवरची लिहिली होती, म्हणजे मोटरमधला तोटा, पंखा आणि ड्राइव्ह त्यात नव्हते, तर दुसऱ्याने संपूर्ण पॅकेजची इनपुट वीज दिली होती. पहिल्याचं मशीन म्हणूनच दहा टक्क्यांनी काटकसरी भासत होतं. एकाचा भाव कारखान्यातून उचलण्याचा, दुसऱ्याचा आमच्या गेटपर्यंत पोहोचवून. एकात पहिल्या वर्षाचं तेल आणि फिल्टर धरलेले, दुसऱ्यात नाहीत. तिने सगळ्यांना एकच पत्र पाठवलं: हवा आणि पॅकेजची इनपुट वीज आयएसओ १२१७ प्रमाणे द्या, ठरावीक वेगाच्या मशीनला त्याचं सी परिशिष्ट, व्हीएफडीला ई परिशिष्ट, दाब ७ बार. आणि व्हीएफडीचे आकडे फक्त पूर्ण भाराचे नकोत, १८०, ११० आणि ६० सीएफएमला किती किलोवॅट लागतात ते लिहा. एका विक्रेत्याने हे आकडे दिलेच नाहीत. तो तिथेच बाद झाला, त्याचा भाव सगळ्यात कमी असूनही.

जीएसटीचं एक सांगायला हवं. या खरेदीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण आम्हाला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. म्हणून पर्यायांची तुलना जीएसटी वगळून करायची. मात्र पैसे देताना जीएसटीसकट द्यावे लागतात, त्यामुळे रोख किती लागेल हा आकडा वेगळ्या ओळीत द्यायचा. क्रेडिट घेतलं की त्या रकमेवर घसारा घेता येत नाही, हेही अकाउंट्सला माहीत असतं, पण मागणी लिहिणाऱ्याने दोन आकडे वेगळे दिले की पुढचा घोळ टळतो.

शेवटी कागदावर जी तुलना आली ती अशी. खर्चात मशीन आणि बसवणी दोन्ही आहेत, जीएसटी वगळून. वीज ११० सीएफएम सरासरी मागणी धरून.

| पर्याय | खर्च | वर्षाचे युनिट | वर्षाचं वीजबिल |
|---|---|---|---|
| जुन्याचं ओव्हरहॉल | ३.६ लाख | १,२९,६०० | १०.३७ लाख |
| नवीन, ठरावीक वेग, ३० किलोवॅट | ६.९ लाख | १,१५,५०० | ९.२४ लाख |
| नवीन, व्हीएफडी, ३० किलोवॅट | ९.५ लाख | १,००,८०० | ८.०६ लाख |

ठरावीक वेगाचं नवीन मशीन भारावर ३३ आणि अनलोडवर १० किलोवॅट घेतं, आणि ११० सीएफएमसाठी ६१ टक्के वेळ भारावर राहतं. व्हीएफडीचं मशीन ११० सीएफएमला २१ किलोवॅट घेतं, असा विक्रेत्याने लेखी दिलेला आकडा. व्हीएफडीच्या साडेनऊ लाखांत मशीन ८.९ लाखांचं आहे. बाकी ६०,००० केबल, पाइप आणि गरम हवा बाहेर काढायच्या डक्टिंगचे. डक्टिंगवर तिने काट मारू दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक्सला उष्णता आणि धूळ सोसत नाही, आणि आमची कॉम्प्रेसरची खोली मे महिन्यात भट्टी असते.

आता वसुलीचा प्रश्न. 'काहीच न करणं' याच्याशी तुलना केली तर व्हीएफडी वर्षाला २८,८०० युनिट, म्हणजे २.३ लाख रुपये वाचवतं. साडेनऊ लाख भागिले २.३ लाख, चार वर्षांहून थोडं जास्त. नियमात बसत नाही. पहिल्या कागदावर २.४ वर्षं होती आणि प्रामाणिक हिशेब केल्यावर चार झाली, हे पाहून ती थोडी खट्टू झाली होती.

पण 'काहीच न करणं' हा पर्याय खरोखर हातात होता का? ३८,००० तास झालेले, सर्व्हिसवाल्याचा लेखी अहवाल आलेला, बेअरिंगची झीज दाखवणारी शॉक पल्सची रीडिंग तीन तपासण्यांत चढत गेलेली. बेअरिंग बसलं तर रोटर एकमेकांना घासतात, आणि मग दुरुस्तीऐवजी पूर्ण एअरएंडच घ्यावं लागतं. म्हणजे ३.६ लाख या वर्षी जाणारच होते. तुलना शून्याशी नव्हे, त्या ३.६ लाखांशी करायची. तसं केलं की व्हीएफडीसाठी जास्तीचे लागतात ५.९ लाख, आणि ते २.६ वर्षांत वसूल होतात.

ही मांडणी पळवाट म्हणूनही वापरली जाते, म्हणून इथे पुरावा लागतो. 'नाहीतरी दुरुस्ती करावीच लागणार' असं नुसतं लिहिलं तर मंजुरी देणारा ते गाळून वाचतो, आणि त्याने गाळावंच. तिने अहवाल, रीडिंगचा तक्ता आणि ओव्हरहॉलचं दरपत्रक तिन्ही जोडले. ओव्हरहॉलचं दरपत्रक महत्त्वाचं, कारण जो पर्याय आपल्याला नको आहे त्याचा भाव अंदाजाने फुगवून लिहिण्याचा मोह होतो.

मधल्या पर्यायाचं काय, हेही तिने सोडलं नाही. ठरावीक वेगाच्या नवीन मशीनचे ओव्हरहॉलपेक्षा जास्तीचे ३.३ लाख २.९ वर्षांत वसूल होत होते. तेही नियमात बसतं. मग त्याहून महाग का घ्यायचं? त्यासाठी व्हीएफडीची तुलना थेट त्याच्याशी केली: आणखी २.६ लाख घालून वर्षाला १,१७,६०० रुपये वाचतात, २.२ वर्षांत वसूल. प्रत्येक पायरीचा जास्तीचा पैसा स्वतःच्या बळावर सुटतो की नाही, हे असं पाहिल्यावरच कळतं. नाहीतर पहिल्या पायरीची बचत दुसरीचा खर्च झाकून टाकते.

दुसऱ्या कागदाचं पहिलं पान असं होतं:

"विषय: ३० किलोवॅट व्हीएफडी स्क्रू कॉम्प्रेसरसाठी ९.५ लाख रुपयांच्या खर्चाची मंजुरी (जीएसटीसकट रोख ११.२१ लाख).
सध्याच्या मशीनला या वर्षी ३.६ लाखांचं ओव्हरहॉल करावं लागणार आहे. अहवाल आणि दरपत्रक जोडलं आहे. त्याऐवजी नवीन मशीन घेतल्यास जास्तीचा खर्च ५.९ लाख, वर्षाची बचत २.३ लाख, वसुली २.६ वर्षं. बचत आठवडाभराच्या आमच्या मोजणीवर काढली आहे, आणि गळती दुरुस्त झाल्यावरच्या मागणीवर. गळतीतून होणारी वर्षाला १.०७ लाखांची बचत यात धरलेली नाही. ते काम ३५,००० रुपयांत वेगळं करत आहोत.
हिशेब कुठे मोडतो: विजेचा दर ७ रुपयांवर आला तर वसुली २.९ वर्षं. एकच पाळी चालली तर पाच वर्षांच्या पुढे, आणि तेव्हा ओव्हरहॉल हाच योग्य पर्याय.
जुनं मशीन विकायचं नाही, अडीअडचणीला ठेवायचं आहे. त्याची किंमत हिशेबात धरलेली नाही. बेअरिंगची अवस्था पाहता ते रोज चालवता येणार नाही.
निर्णय ऑगस्टअखेर हवा. मशीन यायला आठ आठवडे लागतात आणि पाइपलाइन तोडून जोडायला दिवाळीची सुट्टी हीच वेळ आहे. लाभपाचमेला शॉप उघडतं."

शेवटच्या ओळीमुळे कागदाला खरी तारीख मिळाली. गुजरातेत दिवाळीत बंद झालेले कारखाने बहुधा लाभपाचमेच्या मुहूर्तावर उघडतात. एकच कॉम्प्रेसर असलेल्या शॉपमध्ये एवढी सलग सुट्टी वर्षात दुसऱ्यांदा मिळत नाही. 'तातडीचं' असं लिहिण्यापेक्षा हे कारण कितीतरी वजनदार आहे, कारण ते तपासता येतं.

प्लांट हेडनी या वेळी बसवून घेतलं आणि ओळीओळीने विचारलं. एक पाळी झाली तर काय, याचं उत्तर कागदावरच होतं. ऑर्डर बुक पाहून ते म्हणाले की पुढची दोन वर्षं दोन पाळ्या नक्की आहेत. त्यांचा एक प्रश्न मात्र आम्हा दोघांनाही सुचला नव्हता.

"ओव्हरहॉल केलं की जुनं मशीन नव्यासारखं होणार ना? मग ते तेवढ्याच विजेत जास्त हवा देईल. तू तर आजचेच युनिट धरलेस."

"बरोबर आहे सर. किती सुधारेल ते सर्व्हिसवाल्याला विचारून उद्या सांगते."

तिने तोंडाला येईल ते उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. दुसऱ्या दिवशी तिने आकडा आणला: एअरएंड नवीन बेअरिंग आणि सीलनंतर मूळ क्षमतेच्या जवळ आलं, तर वर्षाला साधारण ४,५०० युनिट कमी लागतील. ते वजा केले की व्हीएफडीची बचत १.९४ लाखांवर येते आणि वसुली बरोबर तीन वर्षांच्या काठावर. तिने हा आकडा स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर जोडला आणि सही केली.

प्लांट हेडनी मंजुरी दिली, पण दोन अटींवर. पहिली, गळतीचं काम आधी करायचं, पुन्हा आठवडाभर अ‍ॅनलायझर लावायचा आणि सरासरी मागणी १२० सीएफएमच्या आत आली तरच पर्चेस ऑर्डर सोडायची. दुसरी, विक्रेत्याचे दहा टक्के रोखून ठेवायचे, आणि शॉपमध्ये बसवल्यावर ११० सीएफएमच्या आसपास त्याने लिहून दिलेली वीज प्रत्यक्ष मीटरवर दिसली की मोकळे करायचे. दुसऱ्या अटीवर विक्रेता थोडा अडला. शेवटी पाच टक्के फरक चालेल एवढं ठरलं. पर्चेसने या अटीला भाव कमी करून घेण्यापेक्षा जास्त महत्त्व दिलं, आणि माझ्या मते ते योग्य होतं. भावात पंधरा-वीस हजार सुटले असते. मशीनने लिहिल्यापेक्षा दोन किलोवॅट जास्त खाल्ले असते, तर वर्षाला पाऊण लाख गेले असते.

गळती दुरुस्त झाल्यावर सुट्टीच्या दिवशीची चाचणी २० सेकंद भारावर आणि १८० सेकंद रिकामं अशी आली, म्हणजे १० टक्के. कामाच्या आठवड्यात सरासरी मागणी मात्र ११० ऐवजी ११४ निघाली, कारण मधल्या काळात एका सीएनसीवर हवेचं नवीन फिक्स्चर चढलं होतं. १२० च्या आत असल्यामुळे ऑर्डर गेली. मशीन दिवाळीत बसलं.

नवीन मशीनला तिने वेगळा ऊर्जा मीटर लावून घेतला आहे. तीन महिन्यांची सरासरी २२ किलोवॅट येते, २१ नाही. मागणी ११४ आहे हे लक्षात घेतलं तर विक्रेत्याचा आकडा पाच टक्क्यांच्या आत बसतो, म्हणून त्याचे रोखलेले पैसे सोडले. त्याच मागणीला जुन्या मशीनने १,३२,००० युनिट घेतले असते. नवीन वर्षाला १,०५,६०० घेईल. ओव्हरहॉलने होणारी सुधारणा न धरता बचत २.११ लाख, वसुली २.८ वर्षं. हा कागद मी मूळ मागणीच्याच फायलीत, तिच्या पहिल्या पानाच्या मागे लावला आहे. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये तिने हवेतला ओलावा काढणारा ड्रायर मागितला आहे. गळतीची चाचणी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. गेल्या वेळी ती १० वरून १२ टक्क्यांवर गेली होती, आणि केबिनजवळची दोन कपलिंग बदलायला काढली आहेत.